बाळ झोपलं, तरी आईला झोप नाही

बाळंतपणात झोप मोडणार, हे मला सगळ्यांनी बजावलं होतं. पण बाळ गाढ झोपलंय, आपली आई शेजारी बसली आहे, आपल्या अंगात त्राण नाही आणि तरीही आपले डोळे टक्क उघडे, असं झालं तर काय करायचं, हे कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या आठवड्यातलं रडू वेगळं असतं. प्रसूतीनंतर संप्रेरकं झपाट्याने उतरतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येतात आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. माझं ओसरेना. डिंकाचा लाडू तोंडात घोळत राही. बाळाला न्हाऊ घालताना बघून काहीच वाटत नसे. आपण वाईट आई आहोत, हे रात्री तीनला अगदी पक्कं वाटे. घरात मात्र सगळ्यांचं एकच पालुपद: जागरणानं होतं गं.

वहिनी म्हणाली, जागरणानंच असेल तर झोपून बघू. रात्री नऊला पाजून मी वेगळ्या खोलीत जायचं, मधलं पाजणं मी काढून ठेवलेल्या दुधावर तिनं वाटी-चमच्यानं सांभाळायचं आणि मला दोनपर्यंत उठवायचं नाही. नुसता थकवा असता तर अशा काही सलग रात्रींनी उतार पडला असता. मला ती मोकळीक मिळूनही झोप लागेना. डॉक्टरांकडे न्यायला तिला तेवढं पुरलं.

डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच तीत विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे खरं लिहा, त्यावरून कुणी बाळ काढून नेत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासलं, कारण ते बिघडलं तरी असंच मलूल वाटतं. मग समुपदेशन आणि अंगावर पाजताना चालणारं औषध सुरू झालं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून ते मनानं थांबवायचं नसतं.

एका गोष्टीत मात्र थांबायला वेळ नाही. बाळंतीण रात्र-रात्र जागूनही दमत नाही, भराभर बोलते, तिला आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलतेसलते संशय येतात किंवा स्वतःला, बाळाला संपवण्याचे विचार येतात, तर तिला एकटी ठेवू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. दृष्ट काढायची तर ती नंतर काढा.

एरवी आपले प्रसूतितज्ज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग गाठा. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरी येणाऱ्या आशाताईंनाही सांगता येईल. फक्त ‘थकवा आहे’ एवढंच सांगितलंत, तर लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवतील. ‘बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही, दोन आठवड्यांहून जास्त झाले,’ असं स्पष्ट सांगा.