एका रकान्यात तीन काळ : हस्तलिखित पोथ्यांच्या नोंदीसंबंधी काही विचार

मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अलीकडे वस्तुसंग्रहालयात किंवा ग्रंथालयात काही आठवडे प्रत्यक्ष काम करण्याची संधी मिळते आणि बहुधा त्यांच्याकडे पोथ्यांची सूची करण्याचे काम येते. पोथीचे बासन सोडावे, नाव वाचावे आणि छापील तक्त्याचे रकाने भरावेत, इतकेच हे काम वरवर दिसते. तथापि त्या तक्त्यातील एखादा रकाना सैल असेल, तर पुढे त्या सूचीवर विसंबणाऱ्या पाठचिकित्सकाचा निष्कर्षच चुकू शकतो. प्रस्तुत लेखात ‘काल’ या एकाच रकान्याच्या निमित्ताने ही गोष्ट स्पष्ट करावयाची आहे.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण महिपतींच्या ग्रंथांचे होय. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) यांनी ‘भक्तविजय’ हा सत्तावन्न अध्यायांचा ग्रंथ शके १६८४ मध्ये, म्हणजे इ.स. १७६२ मध्ये पूर्ण केला. या ग्रंथाच्या नकला पुढे गावोगावी झाल्या. अशी एक नक्कल सूचीकाराच्या हाती आली आहे, असे नमुन्यादाखल समजू. शेवटच्या अध्यायाच्या अखेरीस ओवीतच शके १६८४, चित्रभानु संवत्सर असा उल्लेख येतो. अध्यायसमाप्तीनंतर गद्यात शके १७४५, सुभानु संवत्सर, माघ शुद्ध पंचमी असा दुसरा उल्लेख येतो आणि त्याच्यापुढे नक्कल करणाऱ्याचे नाव आहे. पुठ्ठ्यावर संग्रहालयाचा शिक्का असून त्यावर पोथी दाखल झाल्याची तारीख आहे. अशा रीतीने एकाच पोथीत तीन काळ आहेत. तक्त्यात मात्र ‘काल’ हा रकाना एकच आहे.

नवखा सूचीकार बहुधा प्रथम दिसलेला शक, म्हणजे १६८४, लिहून मोकळा होतो. पुढे ‘भक्तविजया’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करू पाहणारा अभ्यासक सूची चाळतो, तेव्हा त्याला ही प्रत कवीच्या हयातीतील, किंबहुना ग्रंथरचनेच्याच वर्षातील भासते. साहजिकच तो तिला आधारभूत प्रत मानतो आणि इतर प्रतींतील भिन्न पाठ ‘नंतरचे’ ठरवून तळटीपेत ढकलतो. वस्तुतः ही प्रत कवीच्या निधनानंतर तीन दशकांहून अधिक काळाने लिहिली गेली आहे. अभ्यासकाचे वाचन अचूक असले तरी त्याला मिळालेली नोंदच चुकीची होती.

म्हणून ‘काल’ हा रकाना मोडून त्याच्या जागी ‘रचनाकाल’, ‘लेखनकाल’ आणि ‘दाखल दिनांक’ असे तीन रकाने करावेत. यांतील पहिले दोन वेगळे ओळखण्याची एक साधी खूण आहे. कवीने दिलेला शक ग्रंथाच्या अंगात, छंदात आणि बहुधा शब्दांकित संख्येत असतो. लेखनकाराने दिलेला शक समाप्तीनंतर, गद्यात, ‘लिखितं’, ‘हस्ताक्षर’ यांसारख्या शब्दांच्या सान्निध्यात असतो. या अखेरच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. ती नोंदीत जशीच्या तशी, अशुद्धांसह, उतरवून घ्यावी. तिचा अर्थ काढून फक्त वर्ष लिहू नये. मूळ शब्द हाती असतील तर आपली चूक पुढचा अभ्यासक दुरुस्त करू शकतो.

यानंतर शकाचे इसवी सनात रूपांतर करावयाचे. अठ्ठ्याहत्तर मिळवावेत, ही परिचित रीत अपुरी आहे. शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस पालटतो आणि इसवी सन १ जानेवारीस. मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात जानेवारी लागतो. त्यानंतरच्या तिथींना एकोणऐंशी मिळवावे लागतात. आपल्या नमुन्यातील तिथी माघातील असल्यामुळे लेखनकाल इ.स. १८२३ नसून १८२४ हा आहे. महिना दिलेला नसेल, तर ‘१८२३–२४’ असे जोडवर्ष लिहिणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

शक बरोबर वाचला की नाही, याची पडताळणी संवत्सराच्या नावावरून होते. शकात बारा मिळवून साठाने भागावे. जी बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आल्यास तो साठावा, क्षय, समजावा. १७४५ मध्ये बारा मिळविल्यास १७५७ होतात, बाकी सतरा उरते आणि सतरावा संवत्सर सुभानु हाच आहे. १६८४ साठी बाकी सोळा येते आणि सोळावा संवत्सर चित्रभानु. जुन्या हस्ताक्षरात काही अंक परस्परांसारखे दिसतात. अशा वेळी संवत्सर जुळला नाही, तर सूचीकाराने अंक पुन्हा तपासावेत. तरीही न जुळल्यास दोन्ही उल्लेख तसेच नोंदवून ‘विसंगत’ असा शेरा द्यावा.

तथापि या पडताळणीलाही मर्यादा आहे. पुष्कळदा नक्कल करणारा समोरच्या प्रतीतील पुष्पिकाही शकासह उतरवून घेतो. मग संवत्सर अचूक जुळतो, पण तो हाती असलेल्या प्रतीचा नसून तिच्या मातृप्रतीचा असतो. गिरणीचा कागद, त्यातील जलचिन्ह, किंवा पुष्पिकेखाली निराळ्या शाईत असलेला दुसरा शक यांवरून असा संशय येऊ शकतो. म्हणून लेखनकालाच्या शेजारी ‘आधार’ हा एक रकाना ठेवावा आणि त्यात तीनच ठरावीक शब्द वापरावेत : ‘पुष्पिका’, ‘कागदावरून’, ‘अनुमान’. प्रत्येकाने आपल्या मनाने ‘अंदाजे’, ‘बहुधा’, ‘सुमारे’ असे लिहिल्यास एका आधाराच्या पोथ्या एकत्र काढता येत नाहीत.

ठरावीक शब्दांचा हाच नियम इतर रकान्यांनाही लागू आहे. लिपीच्या रकान्यात एकाने ‘देवनागरी’ आणि दुसऱ्याने ‘बाळबोध’ लिहिले, तर एका लिपीचे दोन गट होतात. ‘४३७’ एवढीच संख्या लिहिली, तर ती पत्रे की पृष्ठे हे कळत नाही. पत्राला दोन पृष्ठे असल्याने अर्थ दुपटीने बदलतो. स्थळाच्या बाबतीत निळोबारायांचे पिंपळनेर पारनेर तालुक्यातले. पण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातही पिंपळनेर आहे. म्हणून गावापुढे तालुका आणि जिल्हा हवाच. पुष्पिकेत जुने नाव असेल तर ते तसेच ठेवावे आणि आजचे नाव स्वतंत्र रकान्यात द्यावे. जिल्ह्याचे नाव पालटले म्हणून पोथीतील शब्द पालटत नाही.

आपल्या नमुन्यातील पोथीची नोंद अखेर अशी होईल :

शीर्षक : भक्तविजय
कर्ता : महिपती
रचनाकाल : शके १६८४ (इ.स. १७६२)
लेखनकाल : शके १७४५, माघ शुद्ध ५ (इ.स. १८२४)
आधार : पुष्पिका
लिपी : देवनागरी
पत्रे : १ ते ४३८; पत्र ३७ नाही; उपलब्ध ४३७
पुष्पिका : यथामूल, सोबत

या नोंदीत पोथी स्वतः काय सांगते आणि सूचीकाराला काय वाटते, हे वाचकाला वेगळे करून पाहता येते. एखाद्या रकान्यासाठी पुरावाच नसेल तर तेथे ‘उल्लेख नाही’ असे लिहावे. रकाना कोरा राहिल्यास पाहिले आणि आढळले नाही, की पाहिलेच नाही, हे पुढच्या अभ्यासकाला कळण्यास मार्ग उरत नाही. आणि मग त्याला ते बासन पुन्हा सोडावे लागते.