फूल केशरी, मग रुमाल पिवळा का?

दसरा झाला की दोन-तीन दिवसांत सुरगाण्यात दारावरची, देवळातली, गाड्यांवरची झेंडूची तोरणं सुकायला लागतात. ती उकिरड्यावर किंवा नदीत जाण्याआधी मुलांना शाळेत आणायला सांगा. दोरा, आंब्याची पानं आणि प्लॅस्टिकची फुलं बाजूला काढा. काळी पडलेली, चिकट झालेली फुलंही नकोत, त्यांनी रंग मातकट येतो. पाकळ्या सावलीत वाळवल्या की महिनाभरानंतरही हा पाठ घेता येतो.

चार पांढरे सुती रुमाल घ्या, मिळून साधारण 100 ग्रॅम. नव्या कापडाला खळ असते, म्हणून ते धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा आणि स्वच्छ धुवा. आता एक रुमाल बाजूला ठेवा. उरलेले तीन, 20 ग्रॅम हिरड्याची पूड घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी न धुता पिळून वाळवा. मग 20 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तासभर बुडवा.

हिरडा कशाला? तुरटीला सुती धागा नीट धरून ठेवता येत नाही. हिरड्यातलं टॅनिन आधी धाग्याला चिकटतं, त्याला तुरटीतलं ॲल्युमिनियम आणि त्याला रंग. अशी साखळी बनते. घाईत हिरडा वगळला की रंग फिका येतो.

100 ग्रॅम वाळक्या पाकळ्या चार लिटर पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवा आणि गाळा. खळखळून उकळू नका, रंग तपकिरीकडे झुकतो. भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत पिवळ्याचा शेवाळी होतो (तोही छान दिसतो म्हणा, पण तो वेगळा प्रयोग!). चारही रुमाल पाऊण तास त्यात ठेवा, पाण्यातच थंड होऊ द्या, मग धुवा. बाजूला ठेवलेल्या चौथ्या रुमालाचा रंग बराचसा पाण्याबरोबर जातो. रंगबंधक म्हणजे काय, हे तिथे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

आता शीर्षकातला प्रश्न. मुलं तो विचारतातच. झेंडूचा केशरीपणा ल्युटीनसारख्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे असतो आणि ती पाण्यात विरघळत नाहीत. पाण्यात उतरतात ती फ्लॅव्होनॉइड, आणि तुरटीशी जुळून ती पिवळी दिसतात. गाळल्यावर उरलेला चोथा पाहा, केशरीपणा बराचसा त्यातच असतो. तो चोथा पालापाचोळा आणि थोड्या मातीबरोबर खड्ड्यात टाका. नुसता ओला ढीग ठेवलात तर वास सुटेल.

हा रंग उन्हात टिकाऊ नाही. एक रुमाल अर्धा पुठ्ठ्याने झाकून पंधरा दिवस खिडकीत ठेवा आणि दोन्ही अर्धे शेजारी धरून बघा.