परतीचा रूट कोणी टाकायचा?

कॅमेरे बसवून देणाऱ्या नेटवर्कवाल्याने एकच धोशा लावला होता: "साहेब, वायरगार्डने एकच मशीन दिसतं. बाकीची हवी असतील तर माझ्याकडून नवा राउटर घ्या." घरच्या रास्पबेरी पायवर (192.168.1.50) वायरगार्ड चालू होतं. बाहेरून लॅपटॉप जोडला की रास्पबेरी उघडायची. नॅस, प्रिंटर, डीव्हीआर मात्र ढिम्म. प्रिंटरवर वायरगार्ड टाकता येत नाही, म्हणूनच तर एका पीअरमधून सगळं घर गाठायचं होतं.

लॅपटॉपवर आणि रास्पबेरीवर अनुक्रमे हे होतं:

```
AllowedIPs = 10.8.0.0/24, 192.168.1.0/24
net.ipv4.ip_forward = 1
```

दोन्ही ओळी मी त्याला फोनवर वाचून दाखवल्या. "पोर्ट ब्लॉक असेल," म्हणाला. अहो, पोर्ट बंद असता तर रास्पबेरी तरी कशी उघडली असती?

शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून नॅसला पिंग लावलं आणि रास्पबेरीवर पाहत बसलो:

```
sudo tcpdump -ni any icmp
```

विनंती `wg0` मधून आत येत होती, `eth0` मधून नॅसकडे जात होती. उत्तराची एकही ओळ नाही. तेव्हा लक्षात आलं: नॅसला विचारणाऱ्याचा पत्ता दिसतो 10.8.0.2. तो आपल्या नेटवर्कातला नाही, म्हणून नॅस उत्तर राउटरच्या हाती देतो. राउटरला 10.8.0.0 ठाऊकच नाही. तो ते पॅकेट इंटरनेटच्या दिशेने ढकलतो आणि ते तिकडेच हरवतं. म्हणजे राउटर नवा घेतला असता तरी यात काडीचा फरक पडला नसता.

राउटरच्या स्टॅटिक रूटच्या पानावर भरलं: डेस्टिनेशन 10.8.0.0, मास्क 255.255.255.0, गेटवे 192.168.1.50. सेव्ह केलं, नॅस उघडला. गेटवेत 10.8.0.1 लिहू नका, राउटर त्या पत्त्यापर्यंत थेट पोहोचत नाही. रास्पबेरीचा पत्ताही राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. तो बदलला की रूट फुकट.

डीव्हीआर तरी गप्पच. त्याच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना रिकामा! घरातल्या घरात चालतं, त्यामुळे बसवणाऱ्याने तो भरलाच नव्हता. स्क्रीनशॉट पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. त्याच्या बिलात 'नेटवर्क कॉन्फिगरेशन' ही ओळ मात्र होती.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राउटरांत स्टॅटिक रूटचं पानच नसतं. मग रास्पबेरीवर:

```
sudo iptables -t nat -A POSTROUTING -s 10.8.0.0/24 -o eth0 -j MASQUERADE
```

याने काम होतं, पण नॅसच्या लॉगमध्ये बाहेरून आलेला प्रत्येक जण रास्पबेरीच्याच पत्त्याने दिसतो. आणि घरचं नेटवर्क 192.168.1.0 असेल तर आधीच बदलून 192.168.57.0 असं काही घ्या. हॉटेलच्या वायफायवर तोच पट्टा निघाला तर घरचे पत्ते आणि हॉटेलचे पत्ते एकमेकांत अडकतात.