शंकेचं अक्षर झाकू नये

व्यापारी प्रदर्शनं आटोपली की लहान उद्योजक मला व्हिजिटिंग कार्डांचे फोटो पाठवतात. नाव, फर्म, मोबाइल, ई-मेल, पत्ता, जीएसटी नंबर असे रकाने पाडून त्यांना यादी करून द्यायची असते. नीट दिसणारं अक्षर कुणीही टाइप करील. नीट न दिसणाऱ्या अक्षराचं काय करायचं, यावर यादीचा भरवसा ठरतो. त्याबद्दलचे हे माझे अनुभवाचे बोल.

१. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.
व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ई-मेलची बारीक अक्षरं फुटतात. कार्डाच्या दोन्ही बाजू मागाव्यात आणि फ्लॅश बंद ठेवायला सांगावं. चकचकीत कार्डावर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका नंबरावर पडतो. प्रत्येक फोटोला क्रमांक द्यावा आणि तोच यादीच्या पहिल्या रकान्यात लिहावा. पुढे शंका आली तर मूळ कार्ड लगेच सापडतं.

२. नंबरांचे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करा.
हे केलं नाही तर एक्सेल 020 मधलं पुढचं शून्य खाऊन टाकतं, आणि +91 सलग जोडून लिहिलेल्या मोबाइलचा अधिक चिन्ह गेलेला भलताच आकडा करतं. वाचण्यात काहीच चूक नसताना यादी चुकते.

३. शंकेची खूण अक्षराच्या जागीच करा.
सातवा अंक 3 की 8 ते कळत नसेल, तर मी त्या जागी ? टाकते आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिते: ‘सातवा अंक 3 किंवा 8’. नुसता ‘नंबर अस्पष्ट’ असा शेरा असला तर समोरच्याला दहाही अंक पुन्हा तपासावे लागतात. चौकट पिवळी करण्यावर विसंबू नये, कारण फाइल सीएसव्ही केली की रंग जातो. प्रश्नचिन्ह टिकतं. शिवाय ते असलेला नंबर डायल होत नाही, म्हणून शंका मिटवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

४. कार्डावरच पुरावा शोधा.
एका ई-मेलचा @ आधीचा भाग मला kamik दिसत होता. r आणि n चिकटून छापले की त्यांचा m दिसतो. वर ठळक टायपात आडनाव होतं कर्णिक, तेव्हा karnik हे पक्कं झालं. त्याच ई-मेलमध्ये @ च्या पुढे एक उभी रेघ होती. ती l की 1? खाली वेबसाइटचा पत्ता मोठ्या अक्षरात होता आणि त्यात l स्पष्ट होता. अशी अक्षरं मी खात्रीने लिहिते, पण शेऱ्यात ‘वेबसाइटवरून’ अशी नोंद ठेवते. पुरावा मिळाला नाही, तर प्रश्नचिन्ह तसंच राहतं.

५. जीएसटी नंबराची रचना लक्षात ठेवा.
त्याच्या १५ जागांपैकी पहिल्या दोन राज्याच्या: महाराष्ट्राचा 27, गोव्याचा 30. पुढच्या दहा जागी पॅन असतो: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. म्हणून पाचव्या जागी गोल दिसला तर तो O, नवव्या जागी दिसला तर 0. शेवटच्या जागी मात्र अंकही येतो आणि अक्षरही, तिथे रचना मदतीला येत नाही. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते पाहावं.

६. मोबाइल नंबराला सर्वांत जास्त जपा.
अंक दहा आहेत का आणि पहिला 6 ते 9 मधला आहे का, एवढंच तपासता येतं. मधला अंक चुकला तरी नंबर खराच वाटतो आणि फोन तिऱ्हाइताला लागतो. मराठीत छापलेल्या कार्डांवर हा धोका वाढतो. इंग्रजी अंकांना सरावलेला डोळा १ ला 9 समजतो आणि ४ ला 8. असं कार्ड आलं की मी आधी नंबर मराठीत मोठ्याने म्हणते, मगच टाइप करते. मागच्या बाजूला क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून पाहते. पुष्कळदा त्यात तोच नंबर असतो.

यादी देताना मी वर दोन ओळी लिहिते: एकूण कार्डं किती आणि शंका किती जागी. शंकेच्या जागा आधी निस्तरा, मगच यादीवरून फोन करा, असंही सांगते. तुम्ही हे काम करत असाल किंवा करून घेत असाल, तर एवढं पाळाच: अंदाजाने एकही अंक भरू नका, कुणाला भरायला सांगू नका. प्रश्नचिन्ह एका फोनने मिटतं. बेमालूम भरलेला चुकीचा अंक मात्र शोधायचा कुठे, हेच कुणाला कळत नाही.