गोळी बुधवारची

अनू, तुझी कविता काल रात्री दोनदा वाचली. सांगू का, रागावू नकोस. ‘इवल्या डोळ्यांत’ आणि ‘चिमुकले हात’ वाचलं आणि तिथेच मला कळलं की यात सात वर्षांचं पोरगं कुठेच नाही. स्वतःच्या डोळ्यांना इवले कोण म्हणतं गं? ते आपल्याला दिसतात इवले, वरून बघताना. पोराला स्वतःचे हात नेहमीच्याच मापाचे वाटतात. आजोबा ‘तारा झाले’ हेही पोराचं नाही. ते आपणच पोरांना सांगतो आणि मग त्यांच्या तोंडी घालतो.

पियाजेचं १९२६ सालचं पुस्तक आठवतं? मुलांना जग कसं दिसतं, त्याबद्दलचं. तू चालायला लागलास की चंद्र काय करतो, असं तो मुलांना विचारायचा. माझ्यामागे येतो, असं कितीतरी मुलं म्हणायची. त्यावर आपण ‘किती गोड!’ म्हणून गाल ओढला असता. तो पुढचा प्रश्न विचारायचा: दोघं उलट दिशांना गेले तर चंद्र कोणामागे जाईल? तुझ्या कवितेत नेमका हा दुसरा प्रश्नच नाही. पोर एक वेडंविद्रं वाक्य बोलतं आणि तू तिथेच थांबतेस, आम्ही हसावं म्हणून.

तुझ्याच कवितेतला एक तपशील घेऊ. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला. तिथे ‘शिवला’वरून सुईदोऱ्याची कोटी केली आहेस, ती आधी काढ. शब्दाचे दोन अर्थ एकदम दिसले तरच कोटी सुचते, आणि या पोराला एकच अर्थ दिसायला हवा. त्याऐवजी तिथलं मोठ्यांचं एक साधं वाक्य घे: ‘आजोबा जेवले.’ पोरगा ते शब्दशः खरं धरतो. मग त्याला विचार, जेवल्यावर काय? मी काल करून बघितलं ते असं झालं:

*दहाव्याला कावळ्याने भात खाल्ला.*
*सगळे म्हणाले, आजोबा जेवले.*
*जेवण झालं की पांढरी गोळी असते.*
*ती कोणीच दिली नाही.*
*मी डबीतून घेतली, बुधवारची,*
*आणि खिडकीत ठेवली.*
*कावळ्याने चोचीत धरली आणि टाकून दिली.*
*आजोबा पण टाकायचे, कुंडीत.*
*तेव्हा मी कोणाला सांगितलं नव्हतं.*
*आत्ता पण नाही सांगितलं.*

यात चुकीचं आहे ते फक्त दुसऱ्या ओळीतलं वाक्य, आणि तेही मोठ्यांचं. त्यापुढे पोराचा हिशोब चोख आहे. जेवण, मग गोळी, ती राहिली, तर आपण देऊ. विचित्र तर्क लिहायचा म्हणजे मनाला येईल ते लिहायचं नाही. एकच गोष्ट चुकीची धरायची आणि पुढे काटेकोर चालायचं. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये मनात ‘म्हणून’ किंवा ‘मग’ घालून बघ. पोराच्या बाजूने ते बसलं नाही, तर ती ओळ तू आम्हाला रिझवायला घातली आहेस.

त्याला किती कळतं याची हद्दही नीट आख. सात वर्षांचा म्हणजे साधारण दुसरीतला. वार येतात, म्हणून ‘बुधवारची’ चालतं. वाचता येतं, बोबडं तर मुळीच बोलत नाही. पण रक्तदाब म्हणजे काय ते त्याला माहीत नाही, म्हणून गोळी नुसती ‘पांढरी’. तुझ्या कवितेत तो एका कडव्यात चार वर्षांचा होतो आणि शेवटी एकदम चाळिशीचा. ‘माणूस जातो, आठवण उरते’ हे त्याला कोणी शिकवलं?

शेवटाशीच सगळ्यांचा पाय घसरतो. पोराला काहीतरी उमगलंच पाहिजे असं आपल्याला वाटतं. माझ्या पहिल्या खर्ड्यातही शेवटी ‘मग मला रडू आलं’ होतं. ते खोडलं, कारण त्या पोराची काळजी वेगळीच आहे: डबीतली गोळी कमी झाली आहे आणि ते आपण केलंय. कुंडीतल्या गोळ्यांचं तो आधीच लपवत होता, त्यात ही एक भर. त्या गोळ्या न घेतल्याने काय झालं असेल, हा विचार त्याच्या मनात येत नाही. आपल्या मनात येतो. तो त्याच्या तोंडून वदवलास तर कविता संपली.

अजून एक खूण सांगते. कविता कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. ऐकणारी ‘अगं बाई, किती गोड!’ म्हणाली, तर ती ज्या ओळीवर म्हणाली ती ओळ काढ. कुंडीपाशी गप्प झाली, तर हात लावू नकोस.

रविवारी येशील तेव्हा दुसरा खर्डा आण. आणि त्या आजीच्या चष्म्याच्या ओळी आहेत ना, त्या फेकू नकोस. तिथे दुसरा प्रश्न विचारायचाच राहिलाय.