गटअभ्यासाची आचारसंहिता : टिपणे, मुदत आणि मौन सभासद

वसतिगृहात गटअभ्यासासाठी लेखी नियम करावे लागत नाहीत. रात्रीच्या अभ्यासिकेत एकाच सतरंजीवर सात-आठ जण बसलेले असतात. कोणी वही उघडली नाही, तर ती गोष्ट शेजाऱ्याच्या लगेच लक्षात येते. दिवाळीची सुट्टी लागली की हीच मुले आपापल्या गावी पांगतात आणि सतरंजीची जागा व्हॉट्सअ‍ॅपवरील गट घेतो. तेथे कोण लिहीत आहे, कोण अडले आहे आणि कोण नुसते थांबून आहे, हे कोणालाच दिसत नाही. अशा एका गटाची हकिगत येथे मांडून तिच्यातून निघालेले नियम सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

इयत्ता बारावीच्या आठ विद्यार्थ्यांनी इतिहासाची आठ प्रकरणे आपापसांत वाटून घेतली. प्रत्येकाने एका प्रकरणाची टिपणे काढावीत, ती दहा दिवसांत गटावर टाकावीत आणि सर्वांनी सर्व वाचावीत, असे ठरले. योजना चांगली होती. दहाव्या दिवशी तिघांची टिपणे आली. दोघांनी ‘उद्या नक्की’ असे कळवले. दोघांनी वहीच्या पानांची अंधूक छायाचित्रे पाठवली आणि त्यांचा क्रमही उलटसुलट झालेला होता. आठवी विद्यार्थिनी काहीच बोलली नाही. बाराव्या दिवशी गटप्रमुखाने तिला गटातून काढून टाकले. सुट्टीनंतर आम्ही सर्वांना एकत्र बसवले, तेव्हा या गटाचे नुकसान तीन ठिकाणी झाल्याचे आढळले.

टिपणांची देवघेव

पहिले नुकसान सराव चाचणीत उघड झाले. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. आठपैकी पाच उत्तरपत्रिकांत ते वर्ष १८७५ असे होते. मागोवा घेतला, तेव्हा चुकीचा प्रवास सापडला. मूळ टिपणात सत्यशोधक समाज व आर्य समाज यांच्या नोंदी एकाखाली एक होत्या. आर्य समाजाचे १८७५ हे वर्ष वरच्या ओळीशी जोडले गेले होते. दुसऱ्याने त्या छायाचित्रावरून तक्ता केला आणि तिसऱ्याने तो तक्ता पुढे पाठवला. तक्ता सुबक होता, म्हणून सर्वांनी तोच पाठ केला. मूळ पान कोणाचे, हे तोवर कोणालाच आठवत नव्हते. पाठ्यपुस्तक प्रत्येकाच्या घरी होते, परंतु ते उघडून पाहणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नव्हते.

म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक टिपणावर तीन गोष्टी असाव्यात : लिहिणाऱ्याचे नाव, पाठ्यपुस्तकातील पृष्ठक्रमांक आणि तपासणाऱ्याचे नाव. तपासणाऱ्याने शैली सुधारू नये. सनावळी, व्यक्तिनामे, स्थळे आणि संस्था एवढ्याच गोष्टी त्याने पुस्तकाशी ताडून पाहाव्यात. एका प्रकरणाला अर्धा-पाऊण तास पुरतो. तपासणी होईपर्यंत त्या फाईलच्या नावात ‘मसुदा’ हा शब्द राहावा व तपासणीनंतर त्या जागी ‘अंतिम’ यावा. ‘प्रकरण५_मसुदा’ असे नाव दिसले की ते पाठ करायचे नाही, एवढे सर्वांना कळते. पुढे चूक सापडल्यास सुधारित फाईलला ‘अंतिम२’ असे नाव द्यावे आणि काय बदलले ते एका वाक्यात गटावर सांगावे. नुसती नवी फाईल टाकली, तर अर्धे जण जुनीच वाचत राहतात.

पाठवण्याची रीतही महत्त्वाची आहे. छायाचित्र म्हणून पाठवलेले पान व्हॉट्सअ‍ॅपवर दाबले जाऊन लहान होते आणि शिसपेन्सिलीची अक्षरे पुसट होतात. तेच पान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर जसेच्या तसे पोहोचते. सर्व पाने क्रमाने स्कॅन करून एकच पीडीएफ करावी. खूप दिवस उतरवून न घेतलेली फाईल पुढे उघडत नाही आणि ती पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागावी लागते. म्हणून अंतिम फाईल ज्या दिवशी येईल, त्याच दिवशी उतरवून घ्यावी. शुभेच्छा, चित्रे व गप्पा यांसाठी दुसरा गट असावा. त्या गप्पा आम्हाला वर्ज्य नाहीत, परंतु दोनशे संदेशांखाली गाडलेले टिपण कोणी शोधत बसत नाही.

मुदत

दुसरे नुकसान मुदतीचे होते. दहा दिवसांची मुदत ठरली, तेव्हा बहुतेकांनी नवव्या दिवशी पुस्तक उघडले. अडचण दहाव्या दिवशी कळली आणि तेव्हा मदतीला वेळ उरला नव्हता. मुदत एकच असली की चूक सुधारण्याची संधीही एकच उरते. ती शेवटच्या दिवशी येत असल्याने तिचा काही उपयोग होत नाही.

यासाठी आम्ही तीन थांबे सुचवले. तिसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाने आपल्या प्रकरणाचे पाच-सहा मुख्य मुद्दे केवळ शीर्षकरूपाने पाठवावेत. सातव्या दिवशी रात्री नऊपर्यंत मसुदा यावा. दहाव्या दिवशी रात्री नऊपर्यंत तपासलेली अंतिम प्रत यावी. पहिल्या थांब्याचे काम वीस मिनिटांचे आहे, परंतु तोच सर्वांत उपयोगी ठरतो. ज्याची पाच शीर्षके तिसऱ्या दिवशी आली नाहीत, त्याची अडचण सात दिवस हाताशी असतानाच कळते.

‘रविवारपर्यंत’ असे मोघम न म्हणता वार, तारीख आणि वेळ लिहावी. हे वेळापत्रक गटात पिन करून ठेवावे. पिन ठरावीक दिवसांनी निघून जाते, म्हणून ते गटाच्या वर्णनातही लिहावे. ज्याला मुदत पाळता येणार नाही, त्याने ती उलटण्याच्या आदल्या दिवशी कळवावे आणि सोबत नवी वेळ द्यावी. ‘उद्या देतो’ हे उत्तर धरू नये. ‘मंगळवारी संध्याकाळी सहा’ हे उत्तर धरावे. कारण विचारण्याची गरज नाही. अशी सवलत एका प्रकरणासाठी एकदाच मिळावी.

काम न करणारे सभासद

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाकडून एकट्याने लावलेल्या ताकदीच्या जेमतेम निम्मी ताकद लागत होती. याचे एक कारण सर्वांचा हिसका एका क्षणी न बसणे हे होते. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या व ओरडण्याचे प्रयोग करून दाखवले की आपल्यासोबत इतर आहेत, एवढ्या समजुतीनेही माणूस कमी जोर लावतो. याच तिघांनी १९८१ मध्ये त्याचा उताराही दाखवला : प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जात आहे, असे कळले की ही ढिलाई नाहीशी होते.

आमच्या गटाला यातून दोन गोष्टी घेता आल्या. गट आठांऐवजी चारांचा असावा आणि हवे तर असे दोन गट करून अंतिम टिपणांची अदलाबदल करावी. दुसरे म्हणजे ‘आपण सर्व मिळून करू’ असे कोणतेही काम ठेवू नये आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव असावे. असे न केल्यास काम न करणाऱ्यापेक्षा काम करणाराच आधी खचतो. आपल्या कष्टावर दुसरा निवांत आहे, असे दिसले की तोही हात आखडता घेतो. त्या आठांत ज्या मुलाने सर्वांत आधी टिपणे दिली, त्यानेच ‘पुढच्या वेळी मी एकटाच करीन’ असे आम्हाला सांगितले. त्याचा राग खोटा नव्हता.

परंतु न दिसलेले काम आणि न केलेले काम यांत अंतर असते. काढून टाकलेल्या विद्यार्थिनीला आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, फोन पप्पांचा आहे. ते सकाळी सातला कामावर घेऊन जातात, रात्री नऊला येतात. मग दिवसाचा डेटा संपलेला असतो.” तिने वही पुढे केली. तिच्या प्रकरणाची अठरा पाने लिहून तयार होती. गटातील सर्वांत नेटकी टिपणे तीच होती आणि ती कोणालाच मिळाली नव्हती. तिला कोणी फोन केला होता काय, असे आम्ही विचारले. सातही जण गप्प राहिले. आम्हीही गट सुरू होताना कोणाकडे स्वतःचा फोन आहे, हे विचारले नव्हते. हा दोष आमचा होता.

म्हणून क्रम असा ठेवावा. गट करतानाच फोन कोणाचा व तो कोणत्या वेळी हाती असतो, हे नोंदवावे. थांबा चुकला, तर चोवीस तासांच्या आत गटप्रमुखाने त्या सभासदाशी खाजगीत बोलावे. संदेशाला उत्तर न आल्यास साधा फोन करावा, कारण त्याला डेटा लागत नाही. गटावर नाव घेऊन जाब विचारू नये. ‘का केले नाहीस?’ असे न विचारता ‘किती झाले आहे आणि उरलेले कोणी घ्यावे?’ असे विचारावे. फोन नसलेल्याने वहीत लिहावे आणि जवळ राहणाऱ्या सभासदाने ती पाने स्कॅन करावीत. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईवडिलांसोबत गेलेल्याचा वाटा आधीच अर्धा करावा आणि सुट्टीनंतर तपासणीचे काम त्याच्याकडे द्यावे.

अडचण नसताना दोन थांबे चुकवणाऱ्याचे प्रकरण दुसऱ्याकडे द्यावे आणि त्या टिपणावर नव्या लेखकाचे नाव यावे. पुढील फेरीत त्याने आधी शीर्षके दाखवावीत, मगच त्याला वाटा द्यावा. हा निर्णय गटप्रमुखाने एकट्याने न घेता सर्वांनी मिळून घ्यावा आणि त्या सभासदाचे म्हणणे आधी ऐकावे.

अशा सभासदाला अंतिम टिपणे द्यावीत काय, यावर आमच्या विद्यार्थ्यांत बराच वाद झाला. देऊ नयेत, असे बहुतेकांचे मत होते. आमचे मत वेगळे आहे. त्याचा वाटा काढावा, लेखक म्हणून त्याचे नाव काढावे, गटाच्या निर्णयातील त्याचे मत काढावे, परंतु वाचण्याची प्रत काढू नये. ज्यांच्या पूर्वजांना शिक्षा म्हणूनच अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या वसतिगृहात टिपणे नाकारणे ही शिक्षा असू शकत नाही. शिवाय आयत्या टिपणांनी मिळणारा लाभ वाटतो तेवढा मोठा नसतो. स्वतः प्रकरण वाचून त्याचे पाच मुद्दे काढणाऱ्याला दीर्घोत्तराची मांडणी सुचते, नुसते पाठ करणाऱ्याला ती परीक्षेत अडते.

पुढील सुट्टीत हाच वर्ग चार-चारांच्या दोन गटांत बसला. तिसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत सहा जणांची शीर्षके आली. उरलेल्या दोघांना त्याच रात्री फोन गेले. त्या विद्यार्थिनीची पाने शेजारच्या गावातील वर्गमित्राने स्कॅन करून पाठवली. त्यांच्याखाली लिहिणारीचे, तपासणाऱ्याचे आणि स्कॅन करणाऱ्याचे, अशी तीन नावे होती.