जर्नलमधला प्रयोग सलग अहवालात कसा लिहावा?



उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष. कॉलेजच्या जर्नलचे हे पाच मथळे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. मात्र "याच प्रयोगाचा सलग अहवाल लिहा" म्हटलं की मुलं मथळे काढून टाकतात, वाक्यं एकाखाली एक जोडतात आणि झाला अहवाल म्हणतात. सुरगाण्यात माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचंही असंच झालं होतं. तिचा प्रयोग साधाच होता: लोलकावरून, म्हणजे सिंपल पेंडुलमवरून, गुरुत्व त्वरण g काढणे.

तिच्या जर्नलमधली निरीक्षणे अशी होती:

| लांबी L (सेमी) | २० दोलनांचा वेळ (से.) | T (से.) | g (मी/से²) |
|---|---|---|---|
| १०० | ४०.४ | २.०२ | ९.६८ |
| ८० | ३६.२ | १.८१ | ९.६४ |
| ६० | ३१.४ | १.५७ | ९.६१ |

निष्कर्ष: g = ९.६४ मी/से². जर्नलला सही मिळाली, विषय संपला.

अहवालाला सुरुवात करताना मी तिला आधी "उद्देश"चं वाक्य बदलायला लावलं. "g चे मूल्य काढणे" ही आज्ञा झाली. अहवालात वाचकाला सांगावं लागतं की काय शोधायचं होतं आणि हीच पद्धत का चालते. तिने लिहिलं: "लहान कोनातून झुलणाऱ्या लोलकाचा दोलनकाल फक्त लांबी आणि g यांवर अवलंबून असतो. म्हणून लांबी आणि दोलनकाल मोजून सूत्र g = 4π²L/T² वरून g काढला."

साहित्याची यादी अहवालात वेगळी देत नाहीत. ती कृतीत मिसळते. कृतीही "लोलक सोडा, वेळ मोजा" अशी मॅन्युअलमधली आज्ञार्थी नको, आपण केलं तसं भूतकाळात हवी, आणि जिथे प्रश्न पडेल तिथे कारणासकट. एका दोलनाऐवजी वीस दोलनं का मोजली? कारण स्टॉपवॉच दाबताना हाताची अंदाजे ०.२ सेकंदाची चूक होते. ती वीस दोलनांत वाटली गेली की एका दोलनामागे ०.०१ सेकंद उरते. हे वाक्य जर्नलमध्ये कुठेच नव्हतं.

इथेच ती अडली. "लांबी मोजपट्टीने मोजली" असं तिने लिहिलं. मी विचारलं, "कुठपासून कुठपर्यंत?" ती म्हणाली, "सर, दोरा जिथे बांधला तिथपासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत." लोलकाची लांबी मात्र गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गोळ्याचा व्यास व्हर्निअरने २.० सेमी भरला. म्हणजे प्रत्येक लांबी १ सेमीने कमी लिहिली गेली होती. जर्नलमध्ये "लांबी L" एवढाच रकाना असतो, त्यामुळे ही चूक तिथे लपून राहते. वाक्य लिहायला बसलं की ती लपत नाही.

आता तक्त्याकडे परत पाहा. तिन्ही उत्तरं आपल्या अक्षांशावरच्या सुमारे ९.७९ या मूल्यापेक्षा कमी आहेत आणि लांबी घटते तशी आणखी खाली जातात. १ सेमीची चूक ६० सेमीत जास्त भारी पडते, म्हणून. अर्थात तीन आकड्यांवरून पैज लावू नये. ०.२ सेकंदाच्या चुकीनेही g मध्ये ०.१ इतका फरक पडू शकतो. त्यामुळे हा उतार म्हणजे संशय, पुरावा नव्हे. पुरावा गोळा मोजल्यावरच मिळाला. लांबी १०१, ८१ आणि ६१ धरल्यावर g अनुक्रमे ९.७७, ९.७६ आणि ९.७७ आला.

तक्ता अहवालात तसाच ठेवावा, आकडे वाक्यांत कोंबू नयेत. पण तक्त्याखाली तो काय दाखवतो हे एक-दोन वाक्यांत लिहावंच. मूळ नोंदी खोडू नयेत, हेही मी बजावून सांगतो. मुलांना वाटतं चूक दिसली तर गुण जातील, म्हणून ती आकडे मागून "जुळवतात". तिने दोन्ही तक्ते ठेवले आणि शेवटचा परिच्छेद असा लिहिला:

"सुरुवातीला लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली गेल्याने g चे मूल्य ९.६४ आले. गोळ्याची १.० सेमी त्रिज्या मिळवल्यावर सरासरी ९.७७ मी/से² आली. वेळमापनातील चूक धरता यात सुमारे ०.१ चा फरक संभवतो, म्हणून उत्तर ९.८ ± ०.१ मी/से² असे देत आहे. T² आणि L यांच्या आलेखाचा चढ वापरला असता ही लांबीची चूक आपोआप वगळली गेली असती, कारण ती तिन्ही लांबींत सारखीच होती."

शेवटचं वाक्य मी तपासून पाहायला लावलं. चुकीच्या लांबीच घ्या: ४० सेमीच्या फरकात T² हा २.४६५ वरून ४.०८० झाला. त्यावरून g ९.७७ च येतो, आणि आलेखाची रेषा उगमबिंदूतून न जाता किंचित वरून जाते.